स्पीड फुल, पण गेम उतरेना: आयपीव्ही ६ आणि एमटीयूच्या घोळाचं एक प्रकरण

ही घटना कोल्हापुरातल्या एका घरातली आहे. घरच्यांच्या संमतीने लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील काढून टाकलेत. कनेक्शन देणारी कंपनी आणि राउटर बनवणारी कंपनी, दोघांची नावंही मुद्दाम टाळली आहेत, कारण हा दोष एकाच कंपनीच्या मालात सापडतो असं नाही.

## पार्श्वभूमी

घरात आई-वडील, कॉलेजात शिकणारा मुलगा आणि त्याचा एक्सबॉक्स सिरीज एस. नेट गल्लीतल्या केबलवाल्याकडून फायबरने येतं. भिंतीवरचा फायबरचा डबा, म्हणजे ओएनटी, ब्रिज मोडमध्ये आहे. तो फक्त प्रकाशाचा सिग्नल पुढे देतो. युजरनेम-पासवर्ड टाकून लॉगिन करण्याचं काम राउटरकडे आहे. या लॉगिनच्या पद्धतीला पीपीपीओई म्हणतात आणि केबलवाल्यांच्या कनेक्शनमध्ये ती सर्रास दिसते. हा तपशील पुढे फार कामाला येणार आहे.

जुना राउटर वळवाच्या पावसात वीज कडाडली तेव्हा गेला. त्याला आयपीव्ही ६, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यांची नवी पद्धत, माहीतच नव्हतं. नवा राउटर बाजारातून आणला, त्यात आयपीव्ही ६ आधीपासून ‘ऑटो’वर होतं. कंपनी आयपीव्ही ६ चे पत्ते पूर्वीपासूनच देत असावी, पण जुना राउटर ते कधी मागतच नव्हता. त्यामुळे घरात आयपीव्ही ६ नव्या राउटरसोबत आलं आणि कुणाला त्याचा पत्ताही लागला नाही.

## अडचण

नवा राउटर लागल्यापासून एक्सबॉक्स विचित्र वागू लागला. साइन-इन व्हायचं, मित्रांची यादी यायची. पण स्टोअर उघडलं की चित्रांच्या जागी रिकाम्या चौकटी. गेम डाउनलोडला लावला की शून्य टक्क्यावर थांबलेला. सेव्ह केलेला गेम सिंक होताना चक्र फिरतच राहायचं. कधी कधी मशीन पूर्ण बंद करून चालू केलं तर साइन-इनच अडायचं आणि थोड्या वेळाने आपोआप व्हायचं.

मजा म्हणजे एक्सबॉक्समधली नेटवर्क टेस्ट ‘सगळं ठीक’ सांगायची. फोनवर स्पीड टेस्ट लावली तर घेतलेल्या प्लॅनइतका पूर्ण स्पीड. व्हिडिओ न अडखळता चालायचे. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लावलं की एक्सबॉक्सही गुमान चालायचा.

केबलवाल्याचा लाइनमन येऊन गेला. त्याने फायबरची पॉवर मोजली, कनेक्टर पुसला, ओएनटी रीस्टार्ट केला. त्याचा निकाल असा: “भावा, पॉवर मायनस एकोणीस येतीय, स्पीड फुल हाय. तुझ्या गेमच्या डब्यातच काय तर हाय.” मोजमाप त्याचं बरोबर होतं. लाइनमध्ये खरंच काही बिघाड नव्हता.

## मी येण्याआधी झालेले उपाय

मुलाच्या एका मित्राकडे प्लेस्टेशन आहे. त्याने सांगितलं, एमटीयू १४७३ कर. हा आकडा प्लेस्टेशनवाल्यांमध्ये वर्षानुवर्षं एकमेकांना सांगितला जातो. एमटीयू म्हणजे एका पॅकेटची जास्तीत जास्त लांबी, बाइटमध्ये. प्लेस्टेशनच्या नेटवर्क सेटिंगमध्ये ती हाताने भरता येते. एक्सबॉक्समध्ये मात्र असा रकानाच नाही. म्हणून मुलाने तो आकडा राउटरच्या वॅन पानावर, म्हणजे बाहेरच्या जोडणीच्या सेटिंगमध्ये, भरला. काही फरक पडला नाही. मग ‘आणखी कमी करून बघ’ या न्यायाने १३०० केला.

आता अडचण दुप्पट झाली. डाउनलोड अडलेलंच राहिलं, शिवाय एक्सबॉक्स एमटीयू कमी असल्याची तक्रार करू लागला. एक्सबॉक्सच्या नेटवर्कला किमान १३६४ चा एमटीयू लागतो, असं मायक्रोसॉफ्टने स्पष्ट लिहून ठेवलं आहे. त्याच्या खाली गेलं की मल्टिप्लेअरची चाचणी नापास होते. ‘एमटीयू कमी केला की नेट सुधारतं’ हा सल्ला कानावर येतो तेव्हा त्यासोबत हा तळ कुणी सांगत नाही.

शेवटी एमटीयूचा आकडा पूर्वीसारखा करून मुलाने आयपीव्ही ६ बंद करून पाहिलं. एका झटक्यात स्टोअरची चित्रं आली, डाउनलोड सुरू झालं. बहुतेक घरांत गोष्ट इथेच संपते. या घरात संपली नाही. आता मल्टिप्लेअर टेस्टमध्ये नॅट, म्हणजे एकच बाहेरचा पत्ता अनेक यंत्रांत वाटून देणारा प्रकार, ‘स्ट्रिक्ट’ दिसू लागला आणि मुलाने स्वतः होस्ट केलेल्या गेममध्ये दोन मित्रांना येताच येईना.

याचं कारण राउटरच्या स्टेटस पानावर एका ओळीत दिसत होतं. वॅनचा आयपीव्ही ४ पत्ता 100.72 ने सुरू होत होता. 100.64.0.0 पासून 100.127.255.255 पर्यंतचे पत्ते कंपन्यांना आतल्या वापरासाठी राखून दिलेले आहेत. म्हणजे हे घर कंपनीच्या मोठ्या नॅटच्या मागे होतं आणि असंख्य घरांमध्ये एक सार्वजनिक पत्ता वाटून घेतला जात होता. अशा ठिकाणी राउटरवर पोर्ट उघडा नाहीतर पोर्ट आपोआप उघडणारी यूपीएनपी ही सोय चालू करा, बाहेरून येणाऱ्याला दार सापडत नाही, कारण खरं दार कंपनीच्या इमारतीत असतं. आयपीव्ही ६ मध्ये मात्र प्रत्येक यंत्राला स्वतःचा पूर्ण पत्ता मिळतो आणि एक्सबॉक्स थेट जोडणीसाठी तोच आधी वापरायला बघतो. म्हणजे जे बंद केल्याने डाउनलोड सुधारलं, तेच बंद केल्याने मित्रांची वाट अडली.

## पहिला निर्णय: इथेच थांबायचं की कारण शोधायचं?

मला बोलावलं तेव्हा पुढे दोन वाटा होत्या. आयपीव्ही ६ बंद ठेवायचं आणि कंपनीकडून दरमहा पैसे भरून सार्वजनिक आयपीव्ही ४ पत्ता घ्यायचा, ही एक. आयपीव्ही ६ मध्ये नेमकं काय अडतंय ते शोधून दुरुस्त करायचं, ही दुसरी. पहिली वाट सरळ होती आणि वडील तिला तयारही होते. मी थोडा वेळ मागून घेतला, तो आईंच्या एका वाक्यामुळे. “घरच्या वायफायवर माझं बँकेचं ॲप पण नुसतं फिरत राहायचं. मी आपली मोबाइल डेटावर जायची.” आयपीव्ही ६ बंद केल्यावर तेही सुधारलं होतं. म्हणजे गडबड एक्सबॉक्सपुरती नव्हती. ती घरभर होती, फक्त बाकीच्यांनी तिच्याशी जुळवून घेतलं होतं.

## काय तपासलं

आयपीव्ही ६ पुन्हा चालू केलं, वॅनचा एमटीयू मूळ १४९२ वर ठेवला आणि माझा लिनक्सचा लॅपटॉप वायफायला जोडला. पहिली चाचणी नेहमीची, पिंगची:

```
ping -6 -M do -s 1444 HOST
ping -6 -M do -s 1445 HOST
```

हिशोब असा. आयपीव्ही ६ चं हेडर ४० बाइटचं, पिंगचं स्वतःचं ८ बाइटचं. १४४४ मध्ये ४८ मिळवले की १४९२ होतात. साध्या इथरनेटची मर्यादा १५०० असते, त्यातले ८ बाइट पीपीपीओईच्या वेष्टनात जातात, म्हणून लाइनवर १४९२ उरतात. पहिल्या पिंगला उत्तर आलं. दुसऱ्याला राउटरने लगेच कळवलं: `Packet too big: mtu=1492`. अगदी पुस्तकात असावं तसं.

ही चाचणी इथे फसवते. ती पास झाली म्हणून ‘एमटीयू ठीक आहे’ असं म्हणून उठणारे पुष्कळ असतात. पण पिंगने तपासली ती घरातून बाहेर जाणारी वाट. १४९२ हून मोठं पॅकेट आपण पाठवूच शकत नाही, त्यामुळे तेवढं मोठं उत्तरही समोरून कधी येत नाही. बाहेरून घराकडे येणारं १५०० बाइटचं पॅकेट वाटेत कुठे अडतं का, हा प्रश्न पिंगने विचारलाच जात नाही. डाउनलोड तर सगळं त्याच दिशेने येतं.

म्हणून दुसरी चाचणी घेतली. जो सर्व्हर आयपीव्ही ४ आणि ६ दोन्हींवर उत्तर देतो, त्याला दोन्ही मार्गांनी विचारलं:

```
curl -4 -v -o /dev/null https://HOST/
curl -6 -v -o /dev/null https://HOST/
```

पहिली कमांड क्षणात संपली. दुसरीत ‘कनेक्टेड’ आलं, मग `TLS handshake, Client hello (1):` ही ओळ आली आणि तिथेच सगळं गोठलं. एक्सबॉक्सवर नुसतं फिरणारं चक्र दिसतं, त्याचं खरं रूप हे. जोडणी होते, आपण बोलतो आणि समोरचा गप्प.

मग येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारं `tcpdump` लावून दोन्ही जोडण्यांची सुरुवात पाहिली. टीसीपीत जोडणी होताना दोन्ही बाजू आपल्याला किती मोठा तुकडा चालेल ते सांगतात. त्या आकड्याला एमएसएस म्हणतात. आयपीव्ही ४ मध्ये तो एमटीयूपेक्षा ४० ने कमी असतो आणि आयपीव्ही ६ मध्ये ६० ने. आयपीव्ही ४ च्या जोडणीत सर्व्हरचं उत्तर लॅपटॉपवर `mss 1452` असं पोचलं. पूर्ण इथरनेटवर बसलेला सर्व्हर १४६० सांगतो. म्हणजे वाटेत राउटरने तो आकडा खोडून १४९२ वजा ४० असा दुरुस्त केला होता. पीपीपीओई चालवणाऱ्या राउटरने हेच करायचं असतं आणि त्यालाच एमएसएस क्लॅम्पिंग म्हणतात. आयपीव्ही ६ च्या जोडणीत मात्र आकडा `mss 1440` असा जसाच्या तसा आला, म्हणजे १५०० वजा ६०. राउटरने त्याला हातही लावला नव्हता.

गोठलेल्या जोडणीच्या पॅकेटांत आणखी एक खूण सापडली. सर्व्हर आपलं प्रमाणपत्र पाठवतो ते काही हजार बाइटांचं असतं, म्हणजे दोन-तीन पूर्ण लांबीचे तुकडे आणि शेवटी उरलेलं शेपूट. लॅपटॉपपर्यंत फक्त ते शेपूट पोचलं होतं. आधीचे मोठे तुकडे गायब. लॅपटॉप पुन्हा पुन्हा ‘मधलं मिळालं नाही’ असं कळवत होता, सर्व्हर तेच मोठे तुकडे पुन्हा पाठवत असणार आणि ते पुन्हा गडप होत होते. लहान तुकडा येतो, मोठा येत नाही, हे चित्र दिसलं की फार पर्याय उरत नाहीत.

## कारण

लॅपटॉप आणि एक्सबॉक्स दोघेही वायफायवर किंवा केबलने राउटरला जोडलेले. त्यांच्या दृष्टीने एमटीयू १५००. म्हणून आयपीव्ही ६ वर ते सर्व्हरला सांगतात, १४४० पर्यंत पाठव. सर्व्हर पूर्ण १५०० बाइटचं पॅकेट पाठवतो. ते कंपनीच्या त्या यंत्रापाशी येतं, जिथून पुढे घरापर्यंत पीपीपीओईचा बोगदा आहे आणि फक्त १४९२ मावतात.

इथे आयपीव्ही ४ आणि ६ यांच्यात फरक पडतो. आयपीव्ही ४ मध्ये मधला राउटर काही वेळा पॅकेट तोडून पुढे देऊ शकतो. आयपीव्ही ६ मध्ये मधल्या राउटरला तोडण्याची परवानगीच नाही. त्याने पॅकेट टाकून द्यायचं आणि पाठवणाऱ्याला ‘पॅकेट मोठं आहे, १४९२ चं पाठव’ असा आयसीएमपीव्ही ६ चा निरोप द्यायचा. निरोप पोचला तर सर्व्हर लहान पॅकेट पाठवतो आणि कुणाला काही कळतही नाही. इथे तो निरोप सर्व्हरपर्यंत पोचत नव्हता. पत्ता सापडला नाही म्हणून रजिस्टर पत्र परत निघावं आणि परतीच्या वाटेतच हरवावं, तसं. पाठवणारा आपला वाट बघत बसतो.

निरोप कंपनीचं यंत्र देतच नव्हतं, की दिलेला निरोप पुढे कुठल्या तरी फायरवॉलने ‘आयसीएमपी म्हणजे धोका’ समजून अडवला, हे घरात बसून बघता येत नाही. एवढं मात्र कळलं की वेगवेगळ्या ठिकाणचे जे सर्व्हर पूर्ण लांबीची पॅकेटं पाठवत होते ते सगळे अडत होते. दोष एखाद्या सर्व्हरच्या बाजूला असता तर तेवढाच अडला असता. म्हणजे निरोप घराच्या जवळच्या टप्प्यात हरवत होता.

मग फोनवरचे व्हिडिओ कसे चालत होते? त्यांतले बरेच क्विक नावाच्या पद्धतीने, यूडीपीवरून येतात. क्विक १२०० बाइटच्या पॅकेटापासून सुरुवात करतो आणि जपून वाढवतो, त्यामुळे तो या खड्ड्यात पडतच नाही. काही मोठ्या साइट आयपीव्ही ६ वर मुद्दाम लहान पॅकेटं पाठवतात. आयपीव्ही ६ नाही चाललं तर ४ वर जाण्याची सोय फोनात आणि ब्राउझरात असते खरी, पण ती फक्त जोडणी होते की नाही एवढंच पाहते. जोडणीची पॅकेटं लहान असल्याने ती इथे बिनबोभाट होत होती. नंतरच्या शांततेची दखल ती सोय घेत नाही.

एक्सबॉक्सचं साइन-इन कधी व्हायचं, कधी अडायचं, त्याचं माझं स्पष्टीकरण असं: साइन-इन, स्टोअर आणि डाउनलोड वेगवेगळ्या सर्व्हरवरून येतात आणि सगळे आयपीव्ही ६ वर उत्तर देत नाहीत. शिवाय जुनी ओळख शिल्लक असेल तर सर्व्हर प्रमाणपत्र पुन्हा पाठवत नाही आणि उत्तर लहान पॅकेटात मावतं. मशीन पूर्ण बंद केलं की ती ओळख पुसली जात असावी. एक्सबॉक्सच्या आत डोकावून हे मी तपासलेलं नाही.

## दुरुस्तीआधी खात्री

राउटरला हात लावण्यापूर्वी फक्त लॅपटॉपवर एक ओळ चालवली:

```
sudo ip link set dev wlan0 mtu 1492
```

तीच अडलेली `curl -6` आता क्षणात संपली. पुन्हा १५०० केलं, पुन्हा गोठली. हा सगळ्या प्रकरणातला कळीचा क्षण. कंपनी, राउटर, सर्व्हर यांपैकी काहीही न बदलता, फक्त आपल्या यंत्राने ‘मला १४९२’ असं म्हटलं की अडचण जाते, हे डोळ्यांनी दिसलं. प्रश्न एवढाच उरला की एक्सबॉक्सला हे सांगायचं कसं, कारण त्यात तर तो रकाना नाही.

## पर्याय

कंपनीने निरोप पोचते करणं हा मुळावरचा इलाज. पॅकेटांची नोंद जोडून तक्रार पाठवली. ‘आमच्याकडून स्पीड बरोबर आहे’ या पलीकडे उत्तर आलं नाही. त्या भरवशावर राहण्यात अर्थ नव्हता.

पीपीपीओईमध्येच पूर्ण १५०० नेणं हा दुसरा पर्याय. त्यासाठी खालच्या इथरनेटला १५०८ चालावे लागतात आणि राउटर, ओएनटी, कंपनीचं यंत्र या तिघांनी ते मान्य करावं लागतं. मान्य असेल तर याहून स्वच्छ उपाय नाही, कारण मग बोगद्याची मर्यादाच उरत नाही. पण कंपनीशी बोलणं किती पुढे जातं ते नुकतंच पाहिलं होतं.

उरले ते राउटरवरचे दोन उपाय. एक म्हणजे आयपीव्ही ६ साठीही एमएसएस क्लॅम्पिंग. दुसरा म्हणजे राउटर घरातल्या यंत्रांना आयपीव्ही ६ ची माहिती ज्या घोषणेतून देतो, त्या राउटर ॲडव्हर्टाइजमेंटमध्येच ‘इथला एमटीयू १४९२’ असं सांगणं. त्या घोषणेत यासाठी खास जागा असते. पहिला उपाय फक्त टीसीपीला लागू पडतो, पण घरातल्या यंत्राला काही समजावं लागत नाही. दुसऱ्यात यंत्राने घोषणा मानावी लागते, आणि विंडोज, लिनक्स व फोन ती मानतात.

नव्या राउटरच्या मूळ फर्मवेअरमध्ये, म्हणजे त्याच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये, या दोन्हींपैकी काहीच नव्हतं. वॅनचा एमटीयू होता, पण तो बदलला की फक्त आयपीव्ही ४ चं क्लॅम्पिंग बदलायचं. १४७३ आणि १३०० भरून डाउनलोडला काहीच फरक का पडला नाही, तेही इथे उलगडलं.

## काय केलं

त्या मॉडेलला ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं मोफत फर्मवेअर चालतं, हे यादीत पाहून खात्री केली. निर्णय घरच्यांवर सोडला, कारण फर्मवेअर बदलताना राउटर कायमचा झोपण्याची थोडी शक्यता असते आणि वॉरंटीचा प्रश्नही येतो. वडिलांनी एकच विचारलं, “बिघडला तर जुन्यासारखा चालेल असा दुसरा किती रुपयांत येईल?” आकडा ऐकून हो म्हणाले. पीपीपीओईचा पासवर्ड घरात कुणालाच माहीत नव्हता. तो लाइनमनकडून व्हॉट्सॲपवर मागवला आणि तो हातात आल्यावरच राउटर उघडला. हा क्रम उलटा झाला तर घर रात्रभर नेटशिवाय राहतं.

ओपनडब्ल्यूआरटीच्या अलीकडच्या आवृत्त्यांत वॅन झोनवर एमएसएस क्लॅम्पिंग मुळातच चालू असतं आणि ते आयपीव्ही ४ आणि ६ दोन्हींना लागू होतं. त्यामुळे पीपीपीओई आणि आयपीव्ही ६ सुरू झाल्यावर `curl -6` वेगळं काही न करता चालली. सर्व्हरच्या उत्तरात आता `mss 1432` दिसत होतं, १४९२ वजा ६०. वर घोषणेतला एमटीयूही घातला:

```
uci set dhcp.lan.ra_mtu='1492'
uci commit dhcp
/etc/init.d/odhcpd restart
```

मुलाच्या विंडोज लॅपटॉपवर `netsh interface ipv6 show subinterfaces` चालवलं तर वायफायच्या ओळीत १५०० च्या जागी १४९२ आलं होतं. म्हणजे घोषणा पोचली.

ज्यांचा राउटर साधं लिनक्स चालवतो आणि ज्यांच्याकडे जुनं आयपीटेबल्स आहे, त्यांना हेच काम एका ओळीत करता येतं. आयपीव्ही ४ ची ओळ आयपीव्ही ६ ला लागू होत नाही, ती वेगळी घालावीच लागते:

```
ip6tables -t mangle -A FORWARD -p tcp --tcp-flags SYN,RST SYN -j TCPMSS --clamp-mss-to-pmtu
```

फायरवॉलमध्ये दोन गोष्टी पाहून घेतल्या. आयसीएमपीव्ही ६ चे निरोप आत येऊ दिले जातात ना, ही एक. आणि एक्सबॉक्स थेट जोडणीसाठी आयपीसेक ही सुरक्षित जोडणीची पद्धत वापरतो, त्यासाठी ईएसपी आणि यूडीपी ५०० बाहेरून आत यायला मोकळे आहेत ना, ही दुसरी. ओपनडब्ल्यूआरटीच्या मूळ नियमांत हे सगळं मोकळंच असतं. अनेक घरगुती राउटर आयपीव्ही ६ वर बाहेरून येणारं सरसकट अडवतात. तसं असेल तर एमटीयू दुरुस्त होऊनही मल्टिप्लेअर अडलेलंच राहतं आणि माणूस पुन्हा एमटीयूच्याच मागे लागतो.

## निकाल

स्टोअरची चित्रं आली, डाउनलोड सुरू झालं, मशीन पूर्ण बंद करून चालू केलं तरी साइन-इन अडलं नाही. मल्टिप्लेअर टेस्टमध्ये नॅट ‘ओपन’ आला. आईंचं बँकेचं ॲप वायफायवर उघडू लागलं.

अडलेल्या दोन मित्रांपैकी एकाच्या घरी आयपीव्ही ६ आहे, त्याची जोडणी लागली. दुसऱ्याच्या घरी आयपीव्ही ६ नाही आणि तोही त्याच्या कंपनीच्या मोठ्या नॅटच्या मागे आहे. त्याची जोडणी अजून लागत नाही. दोन्ही टोकांना असा नॅट असला की आपल्या राउटरवर काहीही केलं तरी खात्री देता येत नाही.

## वेगळं काय करता आलं असतं

आयपीव्ही ६ बंद करून पाहणं ही चाचणी म्हणून उत्तम आहे आणि ती सगळ्यात आधी व्हायला हवी होती. लाइनमनने ओएनटी रीस्टार्ट करण्याआधी, एमटीयूचे आकडे फिरवण्याआधी. दोन मिनिटांत कळलं असतं की दोष आयपीव्ही ६ च्या वाटेत आहे. फक्त त्या चाचणीलाच इलाज समजून थांबायचं नव्हतं. एमटीयू १३०० करण्याऐवजी पीपीपीओईसाठी १४९२ हा आकडा हिशोबानेच येतो. त्याहून कमी करण्याआधी कमी का, याचं उत्तर हातात हवं.

फर्मवेअर बदलणं हाच एक मार्ग होता असंही नाही. राउटर बदलून घेण्याची मुदत शिल्लक असती, तर आयपीव्ही ६ चं क्लॅम्पिंग करणारं मॉडेल मागणं मी आधी सुचवलं असतं. दुकानदाराला हे विचारून उपयोग नाही. घरी आणून `curl -6` आणि `tcpdump` लावूनच कळतं: १४३२ आलं तर ठेवा, १४४० आलं तर परत करा. घरात प्लेस्टेशन असतं तर काम आणखी सोपं होतं. त्यात हाताने १४९२ भरलं की त्याच्यापुरता प्रश्न मिटला असता, पण मग आईंचं ॲप तसंच फिरत राहिलं असतं.

वडील अजून विचारतात, त्या दुसऱ्या मित्रासाठी सार्वजनिक पत्ता घ्यावा का. मुलगा म्हणतो, त्याच्यापेक्षा त्या मित्रालाच त्याच्या कंपनीकडून आयपीव्ही ६ चालू करून घ्यायला सांगू. सध्या मुलाचं म्हणणं चाललंय. त्या मित्राकडे आयपीव्ही ६ आलं की त्याच्या राउटरातही आधी एमएसएसच बघणार आहोत.